फोटोतली 28 हजाराची ऑर्गेंझा साडी साडेतीन हजारात कशी उभी करायची

प्रश्न: ताई, इन्स्टावर एका मुलीचा पणजीत फोंताइनशला काढलेला फोटो आहे, पिस्ता कलरची ऑर्गेंझा साडी, कडेला पाकळ्यांसारखी कापलेली बॉर्डर आणि मोठे चांदबाली कानातले. ब्रँडच्या साइटवर नुसती साडीच 28 हजार दाखवतेय. डिसेंबरात भावाच्या रिसेप्शनला मला तसाच लूक पाहिजे, सगळं धरून साडेतीन हजारात. मिळेल का, आणि शोधू कसं? फोटो पाठवलेत.

उत्तर:

मिळेल गं, पण "सेम टू सेम" हा शब्द आधी डोक्यातून काढ. म्हापशात ब्लाउज आणि साड्यांचं काम करून मला एकोणीस वर्षं झाली, आता रोज दोनतीन जणी मोबाइल पुढे करून "ताई असंच पाहिजे" म्हणतात, आणि मी पहिलं हेच विचारते की यातलं नेमकं काय आवडलं तुला. बऱ्याच जणींना सांगताच येत नाही. तुझ्या फोटोत मला विचारशील तर तीन गोष्टींनी जादू केलीय, साडी अंगापासून जराशी सुटी उभी राहते ते, बॉर्डरचे मोठे मोठे कंगोरे, आणि एकदम साधा मॅट ब्लाउज. बाकी सिल्क आहे का, हाताचं काम आहे का, हे 28 हजाराचं कारण असेल पण दहा फुटांवरून बघणाऱ्याला ते दिसत नाही. तेव्हा पैसे त्या तीन गोष्टींवर घालायचे आणि बाकीकडे हात आखडायचा.

तू पाठवलाय तो स्क्रीनशॉट आहे, आणि तोही कुणीतरी स्टोरीला टाकलेल्याचा, म्हणजे दोनदा दाबून बारीक झालेला. मी मूळ पोस्ट उघडून बघितली, त्यात चार फोटो आहेत आणि पुढे एक छोटं रीलही आहे. नेहमी मूळ पोस्टलाच जायचं, डावीकडे सरकवत सगळे फोटो बघायचे, कारण पहिला फोटो सगळ्यात सुंदर असतो पण माहिती सगळ्यात कमी देतो. तिसऱ्या फोटोत ती पाठमोरी आहे, तिथे ब्लाउजची पाठ दिसते, आणि चौथ्यात ती दारात सावलीत उभी आहे, त्याची गंमत पुढे सांगते. रील असेल तर आवाज बंद करून फक्त चालताना कापड काय करतं ते बघायचं. शिफॉन पायाला चिकटत चिकटत जातं, जॉर्जेट जड झुलतं, आणि ऑर्गेंझाचा पदर मात्र पत्र्यासारखा एकसंध हलतो, वारा आला तर अख्खा पदरच उचलला जातो. इथे तसंच होतंय, म्हणजे ब्रँडने ऑर्गेंझा लिहिलंय ते खरं आहे.

आता शोधायचं कसं. गूगल लेन्समधे अख्खा फोटो टाकला की ते तुला पिवळी भिंत आणि हिरवी साडी असलेले शंभर फोटो दाखवेल, कारण त्याला भिंतही तेवढीच महत्त्वाची वाटते. चौकटीचे कोपरे आत ओढून फक्त बॉर्डरचा वीतभर तुकडा निवड आणि मग वरून शब्द जोड. आणि शब्दात "same saree" वगैरे काही लिहू नकोस, दुकानदार माल चढवताना जे शब्द वापरतात ते लिहायचे:

`mint green organza saree scallop cutwork border plain`

यातला `plain` शब्द फार कामाचा आहे, तो नसला की फुलांची प्रिंट असलेल्या ऑर्गेंझाचा नुसता पूर येतो. कानातल्यांसाठी वेगळा शोध, वेगळा तुकडा. मोठ्या शॉपिंग अॅप्समधे सर्चच्या पट्टीत कॅमेऱ्याचं चिन्ह असतं तिथेही हाच कापलेला तुकडा टाकून बघ, कधी कधी तिथे लवकर सापडतं.

तू म्हणशील मी पिस्ता म्हटलं आणि ताई मिंट का लिहितेय. तर ती चौथ्या फोटोची गंमत. पहिला फोटो संध्याकाळच्या उन्हातला, मागे ती फोंताइनशची पिवळीधमक भिंत, म्हणजे उन्हाचा पिवळा आणि भिंतीवरून उसळलेला पिवळा असे दोन पिवळे त्या साडीवर पडलेत. थंड निळसर हिरव्यावर पिवळा उजेड पडला की तो पिस्त्याकडे झुकतो. चौथ्या फोटोत ती सावलीत आहे आणि तिथे तीच साडी स्पष्ट मिंट दिसतेय. खात्री करायची तर फोटोत एखादी पांढरी गोष्ट शोधायची, डोळ्यातला पांढरा, दात, खिडकीची चौकट. पहिल्या फोटोत खिडकीची पांढरी चौकट सायीसारखी पिवळट आहे, म्हणजे फोटोतला प्रत्येक रंग तेवढाच पिवळा झालाय असं धरून मनातल्या मनात तेवढा पिवळा वजा करायचा. हे न करता माझ्याकडे आलेल्या एका मुलीने अगदी फोटोशी जुळवून पिस्ता घेतला होता आणि हॉलच्या एलईडीखाली तो उकडलेल्या मटारासारखा दिसला, बिचारी रात्रभर शाल घेऊन बसली.

रंगात अजून एक गोम आहे, ती ऑर्गेंझापुरतीच. कापड पारदर्शक, त्यामुळे कमरेखाली जो रंग दिसतो तो साडी आणि आतला पेटिकोट मिळून झालेला असतो, त्यातही निऱ्यांचे पाचसहा पदर एकावर एक आल्यामुळे तो आणखी गडद होतो. कापडाचा खरा रंग बघायचा तर पदराचा एकेरी भाग बघ, मागे आकाश किंवा तिचा हात असेल तिथे. तुझ्या फोटोत पदर फारच फिका आहे, जवळजवळ पाण्यासारखा, आणि खालचा घेर गडद. म्हणजे दुकानात तू खालच्या घेराशी जुळणारं गडद कापड मागशील तर नेसल्यावर ते फोटोपेक्षा दोन शेड गडद होणार. फिकं कापड घे आणि पेटिकोट त्याच रंगाचा पण एक शेड गडद, सॅटिनचा. कॉटनचा पांढरा पेटिकोट आत घातलास तर सगळी साडी दुधात पडल्यासारखी होईल, आणि नाडीची गाठसुद्धा बाहेरून दिसेल ते वेगळंच.

आता कापड. ब्रँडच्या वर्णनात सिल्क ऑर्गेंझा आहे, तुला घ्यायचंय पॉलिस्टरचं, त्यात लाज काही नाही, पण पॉलिस्टरमधेही दोन जाती मिळतात. एक कडक, चकचकीत, हातात चुरगाळली की कागदासारखा आवाज करते, गिफ्टच्या टोपलीला बांधतात तशी. ती नेसलीस की कमरेला निऱ्यांचा फुगा होतो आणि तू आहेस त्यापेक्षा दुप्पट दिसतेस. दुसरी दुकानात "सॉफ्ट ऑर्गेंझा" म्हणून मागायची, तिची चमक दबलेली असते आणि ताठपणा अर्धा. दुकानात एक करून बघ, ठाणाचं टोक धरून टेबलाच्या कडेवरून वीतभर बाहेर सोड. कडक असेल तर ते फळीसारखं आडवंच राहील, शिफॉनसारखं असेल तर सरळ खाली पडेल, तुला पाहिजे ते मधलं, हळूच वाकून खाली उतरणारं. मग पाच निऱ्या हातात घालून घट्ट धर आणि सोड, लगेच पंख्यासारख्या उघडल्या तर ते कापड नको. कुणी "हे प्युअर सिल्क आहे" म्हणून जास्त पैसे मागितले तर कडेचे दोनतीन धागे काढून घे आणि दुकानाबाहेर येऊन चिमट्यात धरून काडी लाव, सिल्क जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडता येते, पॉलिस्टर वितळून त्याचा टणक काळा मणी होतो. सॉफ्ट पॉलिस्टर आमच्याकडे मीटरला 120 च्या आसपास मिळतं, बेळगावला खडेबाजारात गेलीस तर थोडं कमी, पण साडेपाच मीटरसाठी चोर्ला घाट चढायचा म्हणजे वाचवलेले पैसे पेट्रोलात. घरातलं कुणी लग्नाच्या खरेदीला जाणारच असेल तर तेवढं सांगून ठेव.

बॉर्डरवर जरा सावकाश थांबते, कारण स्वस्त कॉपी ओळखू येते ती इथेच. फोटो मोठा करून कंगोऱ्यांच्या वरची रेघ बघ. लेस लावलेली असेल तर कंगोऱ्यांच्या वर एक सरळ शिलाई किंवा पट्टीची कड दिसते. तुझ्या फोटोत तशी रेघ नाही, साडीचं कापडच थेट कंगोऱ्यापर्यंत आलंय आणि कडेला फक्त दाट टाक्यांची दोरीसारखी गोलाई आहे. हे कटवर्क, म्हणजे आधी कापडावर मशीनने वळणदार भरीव टाका घालायचा आणि मग बाहेरचं कापड कापून काढायचं. आता यात स्वस्ताचा फायदा बघ, सिल्क ऑर्गेंझा कापली की तिचे धागे सुटत राहतात, पॉलिस्टर मात्र गरम सोल्डरिंग पिनने कापलं की कड वितळून आपोआप बंद होते. तेव्हा कंप्युटर एम्ब्रॉयडरीवाल्याकडे पॉलिस्टरवर कटवर्क जास्त टिकाऊ होतं. फक्त ते मीटरवर पैसे घेतात आणि नऊ मीटर म्हणजे तुझ्या बजेटला भारी, म्हणून तुझ्यासाठी मी लेस सुचवतेय, पण जरा अक्कल लावून.

कंगोऱ्याचं माप आधी काढ. दुसऱ्या फोटोत तिने पदराची कड हातात धरलीय, तळहाताच्या रुंदीत दोन कंगोरे बसतात. बाईच्या तळहाताची रुंदी, अंगठा सोडून, साडेसात-आठ सेंटिमीटर धर, म्हणजे एक कंगोरा चार सेंटिमीटरच्या आसपास. बाजारात सरसकट मिळते ती लेस दोन सेंटिमीटरच्या कंगोऱ्यांची, ती साडीला लावली की शाळेच्या गॅदरिंगच्या फ्रॉकची झालर वाटते. पट्टी घेऊन जा आणि साडेतीन ते साडेचार सेंटिमीटरवालीच माग. ऑर्गेंझावरच भरलेली लेस मिळाली तर उत्तम, रंग साडीशी जुळणारा, म्हणजे वरची रेघ कापडात विरून जाते. सुती लेस घेतलीस तर लावण्याआधी पाण्यातून काढून वाळवून इस्त्री कर, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटते आणि सगळी साडी कडेने चुण्या पडून गोळा होते.

लेस किती लागेल ते नीट समजून घे, दुकानदार अकरा-बारा मीटर सांगेल. साडीची खालची कड साडेपाच मीटर. पदराचं टोक साधारण एक मीटर दहा. आणि वरची कड फक्त पदराची, जी खांद्यावरून मागे लोंबते, ती सव्वादोन-अडीच मीटर, कारण बाकी वरची कड कमरेत खोचली जाते. झालं नऊ मीटर. कॉटनच्या साडीत मी आतल्या पहिल्या फेऱ्याची लेससुद्धा वाचवते, पण ऑर्गेंझातून आतलं बाहेर दिसतं, अर्ध्यावर थांबलेली लेस आरपार दिसेल, म्हणून इथे तो कंजूषपणा नको.

शिवणाऱ्याला तीन गोष्टी सांग, आणि तू स्वतः शिवणार असशील तर लिहून ठेव. सुई नवी आणि बारीक, 9 किंवा 11 नंबरची, जाड सुईने ऑर्गेंझाला भोकं पडतात आणि ती उसवूनही जात नाहीत. खाली बटर पेपरची पट्टी ठेवून त्याच्यासकट शिवायचं आणि मग कागद फाडून काढायचा, त्याने चुण्या पडत नाहीत, वर्तमानपत्र मात्र नको, शाई लागते, एका आजीची फिकी गुलाबी साडी माझ्याच मशीनवर तशी गेलीय आणि मी ती भरून दिलीय. आणि पदराच्या कोपऱ्याला अर्धा कंगोरा येता कामा नये, शिवायला कोपऱ्यापासून सुरू करायचं म्हणजे अर्धवट तुकडा आत खोचायच्या टोकाला जातो. हो, आणि फॉल लावायचा नाही! दुकानवाला सवयीने "फॉल-पिको करून देतो" म्हणेल, पण सुती फॉल आतून पांढऱ्या पट्ट्यासारखा दिसतो. कंगोऱ्याच्या लेसचं वजनच खालच्या कडेला पुरतं.

तयार साडी ऑनलाइन मिळाली तर का नको, असं विचारशील. मिळाली तर घे, पण माझ्यावर बेतलंय म्हणून सांगते. मी एकदा गिऱ्हाइकासाठी इन्स्टावरच्या एका पेजवरून हुबेहूब ब्रँडसारखी दिसणारी साडी मागवली, अकराशेला. आली ती साडी सरळ कडेची, आणि कंगोरे तिच्यावर चक्क छापलेले! सावलीसकट छापले होते. परत घ्यायची सोय नाही, मेसेजला उत्तर नाही. नंतर त्यांचा फोटो लेन्सला टाकून बघितला तर तोच फोटो पाचसहा पेजांवर, प्रत्येकाची किंमत वेगळी, आणि मूळ फोटो ब्रँडचाच चोरलेला. तेव्हापासून माझा नियम असा की आधी विक्रेत्याचा फोटो उलटा शोधायचा, आणि मग त्याला सांगायचं की दिवसाउजेडी दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा, कापडामागे हात धरून आणि बॉर्डरची कड जवळून. ज्याच्याकडे माल असतो तो पाठवतो. ज्याच्याकडे नसतो तो "डोन्ट वरी मॅडम, सेम क्वालिटी" म्हणतो. आणि ब्रँडचं नाव किंवा लोगो लावून "फर्स्ट कॉपी" विकणारे असतात त्यांच्या नादी लागू नकोस, ती नक्कल झाली. साधे कंगोरे आणि साधा मिंट रंग ही काही कुणाची मालकी नाही.

ब्लाउजवर हात आखडू नकोस. फोटोतला ब्लाउज ऑर्गेंझाचा नाही, मॅट आहे, त्याच्यावर बारीक आडव्या गाठी दिसतात, म्हणजे रॉ सिल्क. त्याच्यासारखं दिसणारं मिक्स कापड मीटरला अडीचशेपर्यंत येतं, एक मीटर पुरतं. पाठमोऱ्या फोटोवरून गळ्याचं माप घे. मागचा गळा ब्रा-पट्टीच्या वर चार बोटं संपतो, खोल नाही, आणि बाही कोपराच्या जरा वर थांबते. शिवणाऱ्याला फोटो दाखवून "असं" म्हणू नकोस, "बाही कोपराच्या दोन बोटं वर, मागचा गळा पाच इंच, पुढे बोटनेक" असं बोल, कारण फोटोतल्या मुलीचा खांदा आणि तुझा खांदा वेगळा. बोटनेकमधे खांद्याची शिलाई जरा मागे गेली की गळा पुढे वर चढून गळ्याला टोचतो, म्हणून कच्ची शिलाई मारून एकदा घालून बघायला जा. पारदर्शक पदराखाली ब्लाउजचं फिटिंग सगळं दिसतं गं, साडी कितीही भारी असली तरी.

आता कानातले, आणि ही माझी आवडती युक्ती. ऑनलाइन कानातल्यांत आकाराचा घोळ सगळ्यात जास्त होतो, फोटोत नाजूक वाटतात आणि घरी येतात ते झुंबर. तर माणसाच्या डोळ्यातलं बुबुळ, म्हणजे रंगीत गोल, मोठ्या माणसात साधारण सारखंच असतं, जवळजवळ 11.7 मिलिमीटर रुंद. तीच आपली मोजपट्टी. तुझा पहिला फोटो मी टॅबवर मोठा केला, स्क्रीनवर पट्टी ठेवली, बुबुळ आलं 6 मिलिमीटर आणि कानातलं हुकापासून शेवटच्या मोत्यापर्यंत 32. मग 32 भागिले 6 गुणिले 11.7, म्हणजे 62 मिलिमीटर, सहा सेंटिमीटरच्या जरा वर. चेहरा समोर असलेलाच फोटो घ्यायचा, मान वळलेली असली की बुबुळ अरुंद दिसतं आणि उत्तर फुगतं. पापणीने बुबुळाचा वरचा भाग झाकतो म्हणून नेहमी आडवं मोजायचं. दोनतीन मिलिमीटर इकडेतिकडे होतील, कारण कान डोळ्यापेक्षा कॅमेऱ्यापासून मागे असतो, पण सहाचे नऊ होणार नाहीत. आता विक्रेत्याच्या पानावर लांबी लिहिलेली असते ती बघ, साडेपाच ते साडेसहा सेंटिमीटर असेल तर घे, "लार्ज" या शब्दावर जाऊ नकोस.

बाकी तपशील असे मोज. चंद्रकोर आतून पोकळ आहे आणि त्यात एकच थेंब लटकतोय, खाली मोत्यांची एकच रांग, मी अकरा मोजले, आणि सोन्याचा रंग मॅट आहे, लखलखीत पिवळा नाही. खडे फक्त कोरीच्या कडेला. स्वस्त चांदबालीत लोक सगळीकडे खडे चिकटवून ठेवतात, ते टाळ, कमी खड्यांचं स्वस्त दागिनं महाग दिसतं. साडेतीनशेच्या आत मॅट गोल्डचं छान मिळतं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही बघ, तिथे हातात धरून वजन कळतं. हाताला जड लागलं तर कानाच्या पाळीला रात्रीपर्यंत जाच होईल, मग केसात अडकवायचा वेल जोडून घे. आणि आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत मुलामा लवकर काळवंडतो, म्हणून डिसेंबरपर्यंत झिपच्या पिशवीत हवा काढून ठेव, सेंट मारून झाल्यावरच कानात घाल.

हिशेब असा होतो, भाव माझ्या इथले आहेत, तुझ्याकडे दहा-वीस टक्के इकडेतिकडे. कापड साडेपाच मीटर 120 ने 660, लेस नऊ मीटर 50 ने 450, लावायची मजुरी 300. ब्लाउजचं कापड 250, अस्तर 80, शिलाई 700. सॅटिन पेटिकोट 350, चांदबाली 350. सगळे मिळून 3140. उरले 360. त्यातले पन्नास-शंभर अबोलीच्या फातीला ठेव, तिच्या फोटोत केसात काहीच नाहीये, पण मिंटवर अबोलीचा तो केशरी रंग काय उठतो ते तू बघच, आणि ते ब्रँडकडे 28 हजारात नव्हतं.

एक राहिलं, इस्त्री. ऑर्गेंझा घडी घालून आणलीस की घडीच्या रेघा पदरावर चौकटीसारख्या दिसतात. आदल्या दिवशी वरून सुती पंचा टाकून इस्त्री सगळ्यात कमी गरम ठेवून फिरव, पॉलिस्टर आहे, जरा जास्त गरम झाली तर कापड आकसेल. निऱ्या आदल्या रात्रीच घालून, वर क्लिप लावून, पंच्याखालूनच दाबून ठेव, सकाळी फुगत नाहीत. आणि शिवायला ऑक्टोबर संपायच्या आत दे, नोव्हेंबरात लग्नसराई सुरू झाली की मी काय, कुठलाच टेलर तुला कच्च्या शिलाईवर घालून बघायला वेळ देणार नाही.